२३ म्हणजे नुसता ५ नव्हे: खाल्डियन पद्धतीतले संयुक्तांक कसे काढावेत आणि कसे वाचावेत

प्रश्न: माझं नाव मधुरा, स्पेलिंग MADHURA. जन्म ५ तारखेचा. नावाची खाल्डियन बेरीज २३ येते. भाऊ तेजस (TEJAS), त्याची १४. दोघांचाही शेवटी ५च होतो, मग २३ आणि १४ वेगळे कसे? लग्नानंतर माझं आडनाव KULKARNI ऐवजी PATIL होणार आहे. एका अंकशास्त्रींनी सांगितलं की मग पूर्ण नावाचा १३ होतो, तो वाईट, म्हणून नावात शेवटी एक A वाढवा. वाढवू का?

उत्तर:

A वाढवू नका. असं का म्हणतो ते नीट समजायला संयुक्तांक, म्हणजे एका अंकात मोडायच्या आधीची दोन अंकी बेरीज, कुठून येतो आणि तो काय सांगतो हे आधी पाहावं लागेल. तुमच्या प्रश्नातले तिन्ही धागे तिथेच जुळतात.

खाल्डियन पद्धतीत इंग्रजी अक्षरांना दिलेल्या किमती अशा आहेत:

```
1  A I J Q Y
2  B K R
3  C G L S
4  D M T
5  E H N X
6  U V W
7  O Z
8  F P
```

यावरून तुमचं नाव: M ४, A १, D ४, H ५, U ६, R २, A १. बेरीज २३, आणि २ + ३ = ५. तेजसचं: T ४, E ५, J १, A १, S ३. बेरीज १४, आणि १ + ४ = ५. तुमचं गणित बरोबर आहे. नाव मोजताना बहुतेकांची चूक होते ती दुसरा तक्ता वापरल्यामुळे. पायथागोरसच्या नावाने चालणाऱ्या पद्धतीत अक्षरं A पासून ओळीने १ ते ९ अशी मोजतात आणि त्यात MADHURA ची बेरीज ३० येते. ओळखायची खूण सोपी आहे. तक्त्यात एखाद्या अक्षराला ९ दिलेला दिसला, की तो खाल्डियन नाही.

खाल्डियन तक्त्यात ९ का नाही, याचं परंपरेनं दिलेलं कारण असं की ९ हा पवित्र अंक, म्हणून तो कुठल्याच अक्षराला दिला नाही. मला मात्र तक्त्याची रचनाच जास्त बोलकी वाटते. हिब्रू लिपीत प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत असते: आलेफ १, बेत २, गिमेल ३, दालेत ४, हे ५, वाव ६, झायिन ७. पुढे योद १०, काफ २०, लामेद ३०, मेम ४०, नून ५०, आयिन ७०, पे ८०, कोफ १००, रेश २००, शिन ३००, ताव ४००. शून्यं काढून टाका आणि शेजारी इंग्रजी अक्षरं ठेवा. A १, B २, D ४, K २, L ३, M ४, N ५, O ७, P ८, Q १, R २, S ३, T ४. आपला तक्ता जवळजवळ जसाच्या तसा समोर येतो. त्यातला क्रम विस्कळीत वाटतो तो यामुळेच. हिब्रूत ९ ही किंमत तेत या अक्षराची आणि ९० ही त्सादेची. T ची जागा तावने आधीच घेतलेली आणि ‘त्स’साठी इंग्रजीत एकच असं अक्षर नाही. म्हणून ९ची ओळ रिकामी राहिली.

हे सांगण्यामागे हेतू आहे. ‘खाल्डियन’ हे नाव ऐकून लोकांना वाटतं, की हा तक्ता बाबिलोनच्या मातीच्या विटांवर कोरलेला सापडला. बाबिलोनची लिपी कीलाकार होती, तिथली मोजणी साठाच्या पटीत चाले, आणि J हे स्वतंत्र अक्षर युरोपातच गेल्या काही शतकांत रूढ झालं. नावाला अंक जोडायची कल्पना मात्र मेसोपोटेमियात खरोखर जुनी आहे. ॲसिरियाचा राजा सार्गोन दुसरा याने इसवी सनपूर्व आठव्या शतकात दुर-शार्रुकिन ही राजधानी बांधली. तिच्या तटाची लांबी १६,२८३ हात ठेवली आणि हा आपल्या नावाचा अंक आहे, असं त्याने शिलालेखात लिहून ठेवलं. तो अंक त्याने कसा काढला ते आजवर कोणाला उलगडलेलं नाही. पुढे ग्रीक आणि रोमन लोक कोणत्याही ज्योतिष्याला ‘खाल्डियन’ म्हणू लागले, आणि हे नाव आपल्या पद्धतीला चिकटलं ते या अर्थाने. आज जो तक्ता आणि जे अर्थ सगळे वापरतात ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कीरो या आयरिश हस्तरेषातज्ज्ञाने लोकप्रिय केले. आपण हस्तविद्या कोकणातल्या जोशांकडे शिकलो, असं तो सांगत असे. त्यामुळे आपल्याकडे त्याच्या नावाला जरा जास्तच वजन मिळालं.

आता २३ आणि १४. दोन्हींचा ५ का होतो, याचं उत्तर शाळेतल्या नवाच्या ताळ्यात आहे. दहाला नवाने भागलं की बाकी एक उरते. म्हणून दशकाचा आकडा एककात मिळवणं म्हणजे त्या संख्येतून जमतील तितके नऊ काढून टाकणं. १४ मधून एक नऊ काढला की ५ उरतो, २३ मधून दोन काढले की ५, ३२ मधून तीन, ४१ मधून चार. ही सगळी एकाच ५ची नवानवाच्या अंतराने येणारी रूपं आहेत. एक अंक उरवताना आपण ‘किती नऊ काढले’ ही माहिती टाकून देतो. संयुक्तांक वाचणारी परंपरा म्हणते, की हीच माहिती जपून ठेवायची.

परंपरेत दोघांचं काम वाटलेलं आहे. उरलेला एक अंक माणूस लोकांना कसा दिसतो ते सांगतो. ५ बुधाचा: चपळ, बोलका, नवं पटकन शिकणारा, एका जागी न रमणारा. हा स्वभाव तुमच्यात आणि तेजसमध्ये सारखाच वाचायचा. दोन अंकी संख्या पडद्यामागचं सांगते, म्हणजे परिस्थिती कशी साथ देईल, मदत कुठून येईल, धोका कोणत्या बाजूने येईल. म्हणून मी नाव हातात आल्यावर आधी संयुक्तांक कागदावर लिहितो आणि मगच तो मोडतो. घाईने ५ लिहून मोकळं झालं, की अर्धं वाचन तिथेच हातचं जातं.

१० पासून २२ पर्यंतच्या संयुक्तांकांची चित्रं टॅरोच्या बावीस मोठ्या पत्त्यांशी जुळतात. १० ला दैवाचं चक्र, १२ ला बळी, १३ ला विळा घेतलेला सापळा, १६ ला वीज पडून कोसळणारा मनोरा, १७ ला तारा, १९ ला सूर्य. हे पत्ते पंधराव्या शतकात इटलीत खेळासाठी निघाले, आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत फ्रान्समधल्या गूढवाद्यांनी त्यांची हिब्रूच्या बावीस अक्षरांशी सांगड घातली. तक्ता आणि चित्रं एकाच घराण्यातली आहेत ती अशी. २२ पाशी पत्ते संपतात. २३ हा पत्त्यांपलीकडचा पहिला अंक, आणि त्याला नाव आहे ‘सिंहाचा राजतारा’.

सिंह राशीतला राजतारा म्हणजे आपली मघा. बाबिलोनचे लोक त्याला ‘लुगल’ म्हणजे राजा म्हणत. पुढे लॅटिनमध्ये त्याचं नाव रेग्युलस पडलं, म्हणजे छोटा राजा. हा तारा क्रांतिवृत्ताच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे चंद्र आणि ग्रह त्याच्या शेजारून जाताना दिसतात. माघ महिन्याचं नावही पौर्णिमेचा चंद्र मघेजवळ येतो त्यावरूनच पडलं. खाल्डियन हे नाव ज्या आकाशनिरीक्षकांवरून आलं त्यांच्याशी खरं नातं सांगणारी खूण या सगळ्या यादीत मला २३ मध्येच सर्वात स्पष्ट दिसते, आणि म्हणून हा अंक मला फार जवळचा वाटतो.

परंपरेत २३चा अर्थ असा: यशाचं आश्वासन, वरच्या जागेवरच्या माणसांची मदत, थोरांचं संरक्षण. पुढच्या कामाचा विचार करताना हा अंक आला तर बेत तडीस जातील असं वाचतात. यात एक बारकावा आहे. २३चं यश एकट्याच्या मनगटावर उभं राहत नाही, ते कुणाच्या तरी पाठिंब्यावर उभं राहतं. शिक्षक, वरिष्ठ, घरातली मोठी माणसं. म्हणून २३ असलेल्या माणसाला मी सांगतो, की मदत मागायला संकोच करू नका, तुमचा अंक मागण्याच्या बाजूचा आहे.

तेजसचा १४ निराळा. त्यात हालचाल आहे, माणसं आणि गोष्टी जुळवून आणणं आहे. पैशाच्या उलाढालीला आणि धंद्यातल्या बदलाला तो अनुकूल मानतात. पण धोकाही सांगितला आहे तो वारा, पाणी, आग अशा नैसर्गिक शक्तींपासून आणि दुसऱ्यांच्या अविचारी वागण्यापासून. म्हणजे एकाच ५ला एका रूपात वरून आधार आहे आणि दुसऱ्या रूपात शेजारून जोखीम. तिसरं रूप ३२, म्हणजे तुमच्याच अंकाचे आकडे उलटे. तेही शुभ मानतात, पण अट अशी की माणसाने स्वतःच्या निर्णयाला चिकटून राहावं, कारण इतरांच्या हट्टापायी बेत मोडतात. ४१ आणि ५० हे ३२ सारखेच वाचतात. मूळ यादी ५२ पाशी थांबते. त्यापुढे १०८ पर्यंतच्या याद्या फिरतात, त्या नंतर कोणी कोणी जोडलेल्या आहेत आणि मी त्या वापरत नाही.

जन्मतारखेकडे वळू. तुमची तारीख ५. एक ते नऊ तारखांना संयुक्तांक नसतोच, त्यामुळे तुमच्या बाबतीत पडद्यामागचं वाचन तारखेतून मिळत नाही आणि सगळा भार नावावर येतो. मूलांक ५ आणि नामांकही ५, आणि तोही २३ मधून आलेला. परंपरेच्या भाषेत जन्म आणि नाव एका सुरात आहेत. याहून जुळलेलं नाव मुद्दाम शोधूनही सहज सापडत नाही.

आता आडनाव. इथेच जाणकारांमध्ये दोन वाटा फुटतात आणि बहुतेक गोंधळ इथून सुरू होतो. पहिल्या वाटेने प्रत्येक शब्द वेगळा मोडून त्यांचे एकेरी अंक मिळवतात. दुसऱ्या वाटेने सगळ्या अक्षरांची एकच बेरीज घेतात. KULKARNI: २, ६, ३, २, १, २, ५, १, बेरीज २२, म्हणजे ४. PATIL: ८, १, ४, १, ३, बेरीज १७, म्हणजे ८.

```
MADHURA KULKARNI    5 + 4 = 9         23 + 22 = 45 -> 9
MADHURA PATIL       5 + 8 = 13 -> 4   23 + 17 = 40 -> 4
MADHURAA PATIL      6 + 8 = 14 -> 5   24 + 17 = 41 -> 5
```

शेवटचा एक अंक दोन्ही वाटांनी सारखाच येतो. नवाच्या ताळ्यामुळे तो तसा येणारच. संयुक्तांक मात्र बदलतो. पाटील आडनावाचा १३ की ४० हे नावावर नाही, तुम्ही कोणती वाट धरली यावर ठरतं. म्हणून मी एक नियम कटाक्षाने पाळतो: नाव बघायच्या आधी वाट ठरवायची आणि ती मधे बदलायची नाही. निकाल आवडला नाही म्हणून दुसऱ्या वाटेने मोजणारा माणूस अंक वाचत नसतो, हवा तो अंक बनवत असतो. मी शब्द वेगळे मोडण्याच्या वाटेने जातो, कारण प्रचलित अर्थ त्याच वाटेवर बसवलेले आहेत. तुमच्या अंकशास्त्रींनीही तीच धरलेली दिसते, कारण १३ तिथूनच येतो.

त्यांचा हिशोबही लक्षात येतो. A वाढवला की नावाचे २४, म्हणजे ६. ६ + ८ = १४, म्हणजे ५, आणि हा ५ तुमच्या मूलांकाशी जुळतो. गणित चोख आहे. वाचन मला पटत नाही, आणि त्याचं पहिलं कारण १३ स्वतःच आहे.

१३ची भीती पाश्चात्त्य लोकसमजुतीतून आपल्याकडे आली. या परंपरेत मात्र १३ अशुभ नाही, असं स्पष्ट सांगितलेलं आहे. त्याचं चित्र भीतीदायक आहे खरं, पण अर्थ आहे बदलाचा: बेत बदलणं, जागा बदलणं, जुनं मोडून नवं उभं राहणं, आणि हाती आलेल्या ताकदीचा गैरवापर केला तर ती उलटते, हा इशारा. लग्नानंतर नव्या घरी जाणाऱ्या मुलीच्या नावात हा अंक आला तर मला त्यात खटकण्यासारखं काही दिसत नाही. त्याचं उरतं रूप ४, आणि आपल्याकडे ४ राहूचा मानतात, म्हणून लोक बिचकतात. ४ला जोडीला ८ आला तर मीही जरा थांबून बघतो. पण पाटीलमधला ८ हा आडनावाचा, म्हणजे अख्ख्या घराण्याचा अंक आहे. तो तुमच्या एकटीच्या माथी मारता येत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लोक ज्या नावाने हाक मारतात, जे नाव रोज वापरात असतं, त्याला सर्वाधिक वजन द्यावं, असा या पद्धतीचा संकेत आहे. तुम्हाला घरात, कामावर, मैत्रिणींमध्ये मधुरा म्हणतात. ते नाव आज २३ आहे. त्यात A घातला की ते २४ होतं. २४ वाईट नाही, त्यातही वरच्या लोकांची साथ आणि प्रेमातून लाभ सांगितला आहे. पण तो शुक्राच्या ६चा अंक, तुमच्या ५चा नाही. रोजच्या नावातला २३ सोडून द्यायचा आणि बदल्यात कागदावरच्या पूर्ण नावात १४ मिळवायचा, ज्यात दुसऱ्यांच्या अविचाराची जोखीम सांगितली आहे. परंपरेच्याच तराजूत हा सौदा तोट्याचा ठरतो.

व्यवहाराचीही बाजू आहे. स्पेलिंग बदललं की राज्याच्या राजपत्रात नोंद, मग आधार, पॅन, पासपोर्ट, बँक आणि पदवीची प्रमाणपत्रं. एका ठिकाणी MADHURA आणि दुसरीकडे MADHURAA राहिलं, की प्रत्येक खिडकीवर खुलासा द्यावा लागतो. आणि नुसतं सहीत A घातलं तर या पद्धतीच्या नियमानेही फारसं काही साधत नाही, कारण वापरातलं नाव तेच राहतं.

अंकाचं वाचन कुठवर ताणावं, याचं एक उदाहरण देतो, कारण नाव बदलण्याच्या गोष्टीत ते नेहमी पुढे केलं जातं. NAPOLEON ची बेरीज ४१ आणि त्याच्या मूळच्या BUONAPARTE या आडनावाचीही ४१. ५ आणि ५ मिळून १०, दैवाचं चक्र, चढ आणि उतार. १७९६ मध्ये त्याने U काढून BONAPARTE लिहायला सुरुवात केली. बेरीज ३५ झाली, म्हणजे ८. पूर्ण नाव ५ + ८ = १३. अनेक जण म्हणतात, बघा, U काढला आणि पतन झालं. पण U काढला त्याच वर्षी त्याची इटलीतली मोहीम सुरू झाली आणि त्याचं नाव युरोपभर झालं. १८०४ मध्ये तो सम्राट झाला आणि वॉटर्लू आलं १८१५ मध्ये. दोन दशकांनंतरच्या पराभवाचं खापर एका गाळलेल्या अक्षरावर फोडायचं असेल, तर मधल्या विजयांचं श्रेयही त्यालाच द्यावं लागेल. अंक घटनेची तारीख सांगत नाही आणि तो घटना घडवतो याला कसलाही पुरावा नाही. एक जुनी, नेमकी खूणभाषा म्हणून तो वाचावा, माणसाशी त्याच्या स्वभावाबद्दल आणि साथीदारांबद्दल बोलायला ती फार उपयोगी पडते. तिच्या जोरावर मोठे निर्णय मात्र घेऊ नयेत.

एक गोष्ट राहिली. कुलकर्णी आडनावाचे २२ पाहून तुम्हाला कोणी ‘मास्टर नंबर’ सोडू नका, असं सांगण्याची शक्यता आहे. ११ आणि २२ ना न मोडता थोर मानण्याची रीत त्या दुसऱ्या, पायथागोरसच्या नावाच्या पद्धतीतली आहे. इथे ११ म्हणजे मुसक्या बांधलेला सिंह, लपलेल्या धोक्याचा इशारा. २२ म्हणजे दुसऱ्यांच्या मूर्खपणाने डोळे बांधलेला, पाठीवर चुकांचं गाठोडं घेतलेला भला माणूस. दोन पद्धतींचे अर्थ एकमेकांत मिसळले की कोणत्याही नावाचं काहीही वाचता येतं. तक्ता खाल्डियन घेतला असेल तर अर्थही खाल्डियनच घ्या, आणि लग्नानंतर MADHURA PATIL असंच लिहा.